रामाजीच्या नावाची पावती

मेलेल्या मानसाले हापिसात सही कराले आनायचं कसं, हे कोनी मले सांगा बापा! मी कुंता. मासोळ्या इकते, कोनाचं उधार ठेवत नाई, अन् जन्मात खोटं बोलली नाई, मासोळीच्या भावाचं सोडून. पन पंच्याऐंशी सालच्या त्या उन्हाळ्यात चंद्रपूरच्या एका हापिसात आमची अशी गत झाली का धरलं तर चावते अन् सोडलं तर पळते.

गोष्ट पावतीची हाय. पन पावतीच्या पैले रामाजी समजला पायजे.

रामाजी म्हन्जे माह्या बुढ्याचा आजा. बुढा म्हन्जे माहा नवरा दादाजी, गावच्या मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष. आमी ढिवर लोक. आमच्या गावचा तलाव हाय तो रामाजीनं धरला, चार घरं घेऊन तो पाळीवर, म्हन्जे तलावाच्या बांधावर, येऊन बसला, त्याची आता वीसएक घरं झाली. तो मरून तवाच पस्तीस वर्सं होऊन गेले होते. पन आमच्यात अजून रीत हाय. ठेका नवा झाला, पानी नवं लागलं, का पैलं जाळं रामाजीच्या नावानं पडते. जाळं टाकनारा छातीएवढ्या पान्यात उभा राह्यते अन् ओरडते, "रामाजीच्या नावानं!" अन् पाळीवरचे सारे म्हनते, "हो!" मंग त्या जाळ्यातली पैली मासोळी शिजवून पानावर त्याचा वाटा काढतो. गावात पोट्ट्याचं नाव बी कोनी रामाजी ठेवत नाई. ते नाव पान्याचं हाय.

तं झालं असं. बाजूच्या मोठ्या तलावाचा ठेका निघाला. पेपरात जाहिरात आली, बंद लिफाफ्यात निविदा भराची, सोबत हजार रुपये बयाना. संस्थेचा सचिव श्रीहरी, मॅट्रिक पास पोरगा, अक्षर मोत्यासारखं. तो म्हने, "काकी, भरून पाहू. ठेका भेटला तं भेटला. नाई भेटला तं बयाना वापस भेटते, तसा नियमच हाय."

हजार रुपये कुठून? आमा बायायच्या मासोळीच्या टोपल्यातून. अन् ते पैसे का असे रिकामे पडले होते? ते आमच्या गावच्या तलावाच्या ठेक्याचे होते. जून संपाच्या आत भरना झाला नाई तं आमचाच तलाव लिलावात जानार, अन् लिलावासाठी चंद्रपूरचा एक ठेकेदार दात पाजवून बसला होता. मी म्हनलं, "हातचं सोडून पळत्याच्या मागं काऊन लागता?" श्रीहरी म्हने, "काकी, मे महिन्यात वापस येते ना पैसे." मी चूप बसली. नियम म्हनला का मानूस चूप बसते.

निविदा श्रीहरीनं लिहिली, संस्थेच्या नावानं, शिक्का मारून. पन भरन्याच्या दिवशी त्याले ताप चढला. मंग बुढा एकटा एस.टी.त बसून गेला. खिडकीवर पैसे भरले, पावती घेतली, लिफाफ्यात घातली, लाख लावून पेटीत टाकला. संध्याकाळी घरी आला तवा असा हसून राह्यला होता का जसा नवरदेव. मी इचारलं, "काय झालं?" म्हने, "काई नाई. काम चोख केलं."

चोख केलं म्हने!

मे महिन्यात पत्र आलं. पिंपळाच्या पारावर सारे जमले, श्रीहरीनं वाचलं. निविदा नामंजूर. मोठा तलाव त्याच चंद्रपूरच्या ठेकेदाराले गेला. कारन लिहिलं होतं का बयाना पावती निविदाधारक संस्थेच्या नावाची नसल्यानं निविदा विचारात घेतली नाई. मूळ पावती टाचनी लावून वापस पाठवली होती. श्रीहरीनं पावती पाह्यली अन् मोठ्यानं वाचली. "रक्कम रुपये एक हजार. भरणा करणाराचे नाव, रामाजी कवडू नान्हे. हस्ते दादाजी."



मी म्हनलं, "अहो, हे काय केलं तुमी?"

बुढा उभा झाला. त्याले लाज नाई वाटून राह्यली होती, उलट आमीच येडे असल्यावानी तो आमाले समजावून राह्यला. "नवीन पानी होतं नं ते? मंग पैलं जाळं आपन कोनाच्या नावानं टाकतो? बाबू म्हने नाव सांगा. मी म्हनलं रामाजी कवडू नान्हे. संस्थेचं नाव तं निविदेवर होतंच."

हसावं का रडावं? लटारूभाऊ आमच्या गावातला सगळ्यात म्हातारा मानूस, त्यानं नुसती मान हालवली अन् म्हनला, "रीतीनं तं बरोबरच हाय गा." अन् खरं सांगू, एका मिनिटासाठी मले बी ते बरोबरच वाटलं. मंग जूनचा भरना आठवला.

श्रीहरीनं अर्ज लिहिला. "निविदा नामंजूर झाल्याने, पावती क्रमांक ४१७, दिनांक १२ एप्रिल १९८५ अन्वये भरणा केलेली बयाणा रक्कम रुपये एक हजार परत मिळावी ही विनंती. मूळ पावती सोबत जोडली आहे." खाली बुढ्याची सही, त्याची सही, शिक्का. बायायनं ठरवलं का यावेळी कुंता संगं जाईल, बुढा भोळा हाय. मंग आमी तिघं चंद्रपूरले गेलो.

मे महिन्याचं चंद्रपूर काय सांगू तुमाले! बस स्टँडपासून हापिसापर्यंत चालत गेलो तं चपलेतून तळपाय भाजत होते. हापिसात पंखा फक्त बडेबाबूच्या, म्हन्जे हेडक्लार्कच्या, डोक्यावर. हा बडेबाबू चांगला मानूस होता, हे मी आधीच सांगून ठेवते. वाईट असता तं मी त्याले दोन शिव्या हासडून मोकळी झाली असती. चांगल्या मानसासमोर जास्त अडचन होते.

त्यानं अर्ज वाचला, अनामतीचं मोठं रजिस्टर काढलं, पावतीचा नंबर बोटानं शोधला. "बरोबर हाय. रक्कम जमा हाय. ठेका ज्याले गेला त्याचीच ठेवाची असते, तुमची ठेवाचं काई कारन नाई. द्याची हाय. आना रामाजीले."

आमी तिघं एकमेकाकडे पाहाले लागलो.

"रामाजी नान्हे. त्यायनं इथी वीस पैशाच्या रेव्हेन्यू तिकिटावर सही कराची, पैसे घ्याचे. रजिस्टरले त्यायचं नाव हाय. संस्थेले कसे देऊ मी?"

श्रीहरी म्हने, "साहेब, पैसे संस्थेचे हाय."

"कागद तसं म्हनत नाई बापा."

बुढा पुढं सरकला. मले मालूम होतं तो काय बोलनार. "रामाजी तं जी..." एवढं म्हनला अन् मी त्याच्या कमरेत असा चिमटा काढला का तो कळवळला. बडेबाबूनं पाह्यलं. "काय? वारले का? वारले असन तं मृत्यूचा दाखला आना, अन् कोर्टाचा वारस दाखला. सहा महिने, आठ महिने, कोर्टाचं काई सांगता येत नाई. केव्हा वारले? भरना तं एप्रिलातला हाय."

आता बोला! पस्तीस वर्सापैले मेलेल्या मानसानं मागच्या महिन्यात हजार रुपये भरले, असं सांगावं का? बडेबाबूच्या टेबलावर काचेखाली एक परिपत्रक होतं, श्रीहरी ते वाचून राह्यला होता. बाहेर आल्यावर म्हने, "काकी, खोट्या नावानं भरना केला असं ठरलं तं रक्कम जप्त होऊ शकते. वरून पोलिसाचं झंझट." म्हन्जे रामाजी जिता सांगावा तं आनाचा कुठून, अन् मेला सांगावा तं पैसे जाते. इकडे आड अन् तिकडे विहीर, अन् मधात आमी तिघं चहाच्या टपरीवर. चहाचे पैसे श्रीहरीनं दिले. बुढ्यानं चहा घेतला नाई.

गावात बैठक बसली. जून लागला होता. कोनी म्हने कोर्टात जाऊ, कोनी म्हने आमदाराले भेटू. मंग कोनीतरी हळूच म्हनलं, "लटारूभाऊले घेऊन जा नं. म्हातारा मानूस. रामाजी म्हनून अंगठा लावला तं कोन पाह्यते?"

मी तुमाले खरं सांगते, मले ते पटलं. मले तलाव दिसत होता. ठेका गेला तं त्याच पाळीवर आमाले मजूर म्हनून जाळं ओढा लागते, अन् मासोळ्या ठेकेदाराच्या ट्रकात जाते, हे मी दुसऱ्या गावात पाह्यलं होतं. मी म्हनलं, "भाऊ, एक अंगठा. काय जाते तुमचं?"

लटारूभाऊनं माह्याकडे पाह्यलं. रागावला नाई. म्हनला, "कुंता, मी रामाजीच्या हाताखाली जाळं विनाले शिकलो. आता माहे किती दिवस राह्यले? वर गेलो अन् त्यानं इचारलं का लटारू, तू मी कधी झाला गा, तं मी काय सांगू?"

बुढा खाली मान घालून बसला होता. बायायचं मात्र तोंड सुरू झालं, त्यायचं बी बरोबर होतं. "अध्यक्षानं गमावले, अध्यक्षानं भरावे." रुखमाबाई तं सरळ म्हनली, "रामाजीचा येवढा पुळका होता तं आपल्या पैशानं कराचा होता." बुढ्यानं ते ऐकून घेतलं. तोंड दाबून बुक्क्यायचा मार. घरी येऊन मले म्हने, "कुंता, बैलजोडी असती तं इकली असती." आमच्याकडे बैलजोडी कधीच नव्हती, आमच्याकडे डोंगा होता, अन् डोंगा इकला तं तलाव ठेवून कराचं काय?

जूनचा दुसरा आठवडा. पुन्हा चंद्रपूर. या खेपेला मी सरळ बडेबाबूसमोर जाऊन बसली, खुर्ची कोनी दिली नव्हती तरी. म्हनलं, "साहेब, तुमी लेकरावाले मानूस हा. तीस तारखेच्या आत पैसे नाई भेटले तं आमचा तलाव जाते. रस्ता सांगा. रस्ता नाई म्हनाल तं मी इथीच बसते, तुमच्या पंख्याखाली."

त्यानं चष्मा काढला. पुसला. मंग म्हनला, "एक रस्ता हाय. मोठ्या साहेबाशी बोलून ठेवलं मी. प्रतिज्ञापत्र करून द्या. तहसीलात शपथेवर. सोबत हमीपत्र, का पुढं कोनी दावा केला तं संस्था भरपाई देईल. तेवढ्यावर साहेब संस्थेच्या नावानं परतावा मंजूर करते."

मले वाटलं सुटलो. मी त्याच्या पायाच पडनार होती.

त्यानं कच्चा कागद काढला अन् श्रीहरीले लिहून घे म्हनला. श्रीहरी लिहून राह्यला, मोठ्यानं वाचून राह्यला. "सदर रक्कम संस्थेची असून पावतीवरील नाव अनवधानाने लिहिले गेले." ठीक. "रामाजी कवडू नान्हे या नावाची कोणीही व्यक्ती अस्तित्वात नाही..." ठीक, नाई तं नाई, मेलाच हाय. "...व कधीही नव्हती."

बुढा उठून उभा झाला.

"साहेब, येवढं एक काढा जी. आता नाई, हे लिवा. मी सही करतो. कधी नव्हती, हे काऊन?"

बडेबाबू हळू बोलला, "दादाजी, होती म्हनलं का वारस येते. वारस आले का कोर्ट आलं. कोन होते तुमचे रामाजी, मी इचारलं नाई, तुमी सांगतलं नाई. तुमचं बी आडनाव नान्हेच हाय, ते मी पाह्यलं नाई. माह्याकडून येवढंच होते."

"साहेब, त्याच्या खांद्यावर बसून मी पोहाले शिकलो."

बडेबाबूनं चष्मा घातला अन् दुसरी फाईल ओढली. त्याच्या डोळ्यात पानी होतं का नाई मले मालूम नाई. माह्या होतं.

स्टॅम्प पेपर घेतला, टाईप करून घेतला, तहसीलात गेलो. व्हरांड्यात गर्दी. बुढा एका खांबाले टेकून उभा, कागद हातात. वाचता येत नाई त्याले, सही पुरतं येते, पन श्रीहरीनं दाखवलेल्या त्या एका ओळीवर त्याचा अंगठा बरोबर होता, जसं झाकून ठेवलं. मी त्याच्याशी भांडली. व्हरांड्यात, लोकायसमोर. "तुमच्याच हातानं झालं हे! कोनी सांगतलं होतं? आता येका मेलेल्या मानसासाठी वीस घरं बुडवता का?" तो म्हने, "मेलेला नाई वं कुंता. मेलेला असता तं बरं होतं. हा कागद म्हन्ते तो जन्मलाच नाई. मंग मी कोन?"

श्रीहरीनं तोंड फिरवलं.

नाव पुकारलं. आत नायब तहसीलदार, तरुण, घाईत. कागदावरून नजर फिरवली अन् ठरलेलं वाक्य म्हनला, "यात लिहिलेलं सगळं खरं आहे? शपथेवर सांगता?"

बुढा बोलेना.

"अहो आजोबा. खरं आहे का?"

बुढ्यानं माह्याकडे पाह्यलं. तीस वर्सं संसार केला त्याच्याशी, पन असं कधी पाह्यलं नव्हतं त्यानं. मी 'नाई' म्हनली असती तं तो तसाच उठून माह्यामागं घरी आला असता. एक शब्द बोलला नसता. मले ते समजत होतं. मले टोपली दिसली, रुखमाबाई दिसली, ठेकेदाराचा ट्रक दिसला. रामाजीले मी कधी पाह्यलंच नव्हतं. मी सून म्हनून आली तवा तो गेला होता.

मी म्हनलं, "म्हना नं. हो म्हना."

"हो," बुढा म्हनला.

शिक्का पडला. पुढच्या आठवड्यात हजार रुपये भेटले, रेव्हेन्यू तिकिटावर अध्यक्ष अन् सचिव दोघायच्या सह्या. पूर्न हजार, येक पैसा कमी नाई. त्याच पैशानं तलावाचा भरना झाला. आमच्या तलावाची पावती श्रीहरीनं संस्थेच्या नावानं फाडून आनली अन् साऱ्यायले दाखवली. बाया खूश. रुखमाबाईनं बुढ्याले जेवाले बोलावलं. कागदात काय लिहिलं होतं ते गावात कोनाले मालूम नाई, आमा तिघाशिवाय. कागद केला म्हनलं, बस्स. कोनी इचारलं नाई.

मंग जुलैत नव्या ठेक्याचं पैलं जाळं. सारं गाव पाळीवर. लटारूभाऊले खाटेवर बसवून आनलं होतं. मान अध्यक्षाचा. बुढा पान्यात उतरला, छातीएवढ्या पान्यात जाऊन उभा झाला, जाळं खांद्यावर घेतलं, अन् तसाच उभा.

सारे वाट पाहून राह्यले. पोट्टे हसाले लागले, "आबा इसरला!" मी पाळीवरून पाहत होती. त्याचे ओठ हालत होते, आवाज निघत नव्हता. शेवटी त्यानं जाळं तसंच फेकलं. गोल पडलं, चांगलं पडलं.

मागून लटारूभाऊ खाटेवरून ओरडला, बारीक आवाजात, "रामाजीच्या नावानं!" अन् साऱ्या पाळीनं म्हनलं, "हो!" मी बी म्हनलं. लोक म्हनत होते म्हनून म्हनलं.

मासोळी भल्ली भेटली त्या दिवशी. पाळीवर चुली पेटल्या. मी पैली मासोळी शिजवली, पळसाच्या पानावर भातासंग वाटा काढला अन् बुढ्याच्या हातात दिला, दर खेपेला तोच पान्याजवळ नेऊन ठेवते. तो पान्याजवळ गेला. मी मागून गेली. तिथी उभं राहून तो मले हळूच म्हने, "कुंता, हा वाटा कोनाचा म्हनून ठेवू?"

त्यानं तो वाटा ठेवला नाई अन् खाल्ला बी नाई. पाळीवरचे जेवून घरी गेले, तरी तो पान हातात धरून तिथीच बसला होता.